कमरेचा परकर, सीटचं माप

मॅचिंग सेंटरमध्ये परकर मागितला की दुकानदार आधी साडीचा काठ उजेडात धरतो आणि फळीवरून त्या रंगाच्या चार छटा काढून काउंटरवर टाकतो. रंग ठरला की उंची विचारतो, ३६, ३८ की ४०? कमरेचा विषय निघालाच तर उत्तर तयार असतं, ‘‘नाडी आहे ना ताई, हवी तेवढी आवळा.’’ सीटचं माप, म्हणजे कमरेखाली जिथे अंग सर्वांत भरलेलं असतं तिथला घेर, तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. ब्लाउजच्या बाहीवरून टेलरशी अर्धा तास हुज्जत घालणारी बाईसुद्धा परकर घेताना फक्त रंग बघते. मग साडी नेसून आरशासमोर उभं राहिलं की निऱ्यांच्या वर बोचक्यासारखा उंचवटा दिसतो, मांड्यांवर आडव्या सुरकुत्या पडलेल्या असतात, आणि आपण साडीला, नेसण्याला नाहीतर स्वतःच्या पोटाला नावं ठेवतो.

खरा दोष बहुतेक वेळा आतल्या परकराचा असतो. साडी म्हणजे न शिवलेलं सरळ कापड. तिला स्वतःचा आकार नाही, खाली जो आकार असेल तोच ती दाखवते. जाड सुती साडी खालचं थोडंफार झाकून घेते. जॉर्जेट, शिफॉन, क्रेप यांना ते जमत नाही.

नऊवारीत हा प्रश्नच नव्हता. काष्टा घातलेलं लुगडं अंगालाच बांधलं जातं, त्याला परकराची गरज नाही. पाचवारी किंवा सहावारी गोल साडीला मात्र निऱ्या खोचायला काहीतरी आधार लागतो. परकर आणि ब्लाउजसह साडी नेसण्याची आजची पद्धत रुळवण्यात ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांचं नाव घेतलं जातं. १८६४मध्ये त्या पती सत्येंद्रनाथांबरोबर मुंबईत आल्या, इथल्या पारशी बायकांची नेसण्याची तऱ्हा त्यांनी पाहिली आणि बंगालमध्ये परतल्यावर तिच्यात बदल करून ती इतरांना शिकवली. त्यानंतर साडीचं सगळं वजन कमरेवरच्या एका नाडीवर आलं, ते आजतागायत तिथेच आहे.

परकराचं गणित दोन घेरांवर आणि त्या दोघांमधल्या अंतरावर चालतं. पहिला घेर परकर जिथे बांधायचा तिथला, दुसरा सीटचा. या दोहोंत किती इंचांचा फरक आहे आणि तो किती उंचीत पार करायचा आहे, एवढं कळलं की कोणता परकर बसेल हे दुकानातच सांगता येतं.

माप घेतानाच पहिली गडबड होते. ‘कंबर’ म्हटलं की आपण टेप धडाच्या सर्वांत बारीक जागी, बरगड्यांच्या खाली धरतो. परकर तिथे बांधणाऱ्या बायका थोड्या. कोणी बेंबीवर बांधते, कोणी बेंबीखाली दोन-तीन बोटं. एवढ्याशा अंतरात घेर तीन-चार इंचांनी वाढू शकतो. म्हणून आधी एक साधी नाडी कमरेला बांधून नेहमीसारखं थोडं चालायचं, एकदा बसून उठायचं. नाडी जिथे स्थिरावेल ती आपली परकराची जागा. तिथे टेप गुंडाळून, पोट आत न ओढता, श्वास सोडून माप घ्यायचं. मग खुर्चीवर बसून तेच माप पुन्हा घ्यायचं. बसल्यावर पोट पुढे येतं आणि घेर साधारण इंच-दीड इंच वाढतो. नाडी बांधताना एवढी सैल हवी, हे या दुसऱ्या मापावरून कळतं.

सीटसाठी पाय जुळवून उभं राहायचं आणि टेप जमिनीला समांतर धरायचा. तो मागे खाली उतरला की माप चुकतं, त्यामुळे आरशात बाजूने बघावं किंवा घरातल्या कोणाला टेप धरायला सांगावं. टेप वरखाली सरकवून सर्वांत मोठा आकडा मिळेल तोच घ्यायचा. काहींचं अंग नितंबांवर भरलेलं असतं, काहींचं त्याच्याही खाली, मांड्यांच्या वरच्या बाजूला. परकर तिथे अडकणार असेल तर तेच आपलं सीटचं माप. शेवटी नाडीपासून या जागेपर्यंतचं उभं अंतर मोजायचं. हे अंतर कोणी मोजत नाही, आणि परकर फसतो तो नेमका याच्यामुळे.

एका अंगाचं उदाहरण घेऊ. सर्वांत बारीक कंबर ३० इंच, परकर बांधायच्या जागी ३३, सीट ४२, नाडी ते सीट अंतर ६ इंच, आणि परकराची उंची ३८. आपल्याकडे असा बांधा काही विरळा नाही. ही बाई दुकानात गेली आणि ‘कंबर ३४, घेर ६०, सहा कळी’ असा परकर तिने उचलला. कंबर ३३ला ३४, शिवाय खाली घेर भरपूर. वरवर पाहता सगळं ठीक.

आता आत डोकावून पाहू. सहा कळ्यांच्या परकरात वर अरुंद आणि खाली रुंद असे सहा तुकडे जोडलेले असतात. स्वस्त तयार मालात त्या कळ्यांच्या बाजू सरळ रेषेत कापतात, कारण तशी कापली की थान वाया जात नाही. याचा अर्थ ३४पासून ६०पर्यंतची २६ इंचांची वाढ ३८ इंच उंचीवर सारखी वाटली जाते. वरून ६ इंच खाली येईपर्यंत त्यातली जेमतेम ४ इंच वाढ वाट्याला येते. तिथे परकराचा घेर होतो ३८, आणि अंग आहे ४२. पायाशी कापड झुलतंय, पण सीटवर ४ इंच कमी पडतंय.

असा परकर फाटत नाही, म्हणून कमी पडतोय हे लक्षात येत नाही. तो वेगळ्या खुणा दाखवतो. नाडी ओढायची चीर त्रिकोणासारखी उघडी राहते आणि पातळ साडीतून ती जागा वेगळी दिसते. सीटवर आडव्या सुरकुत्या येतात. चालताना परकर हळूहळू वर चढतो, कारण जिथे अंग बारीक तिकडेच तो सरकू शकतो. वर चढला की नाडीखाली कापड साचतं आणि निऱ्या खोचलेल्या जागी फुगवटा येतो. आपण मात्र समजतो की परकर सैल झाला, आणि नाडी अजून आवळतो. त्याने काहीच सुधारत नाही, फक्त कमरेला वळ उठतो.

हीच बाई मोठं माप घेऊन पाहील. कंबर ३८, घेर तोच ६०. सीटपाशी घेर येतो साडेएक्केचाळीस, अजूनही अर्धा इंच कमी. कंबर ४० घेतली की सीटपाशी ४३ मिळतात आणि परकर पहिल्यांदा मोकळेपणाने खाली पडतो. पण आता नेफ्यात ४० इंच कापड आहे आणि नाडी ते ३३वर ओढून बांधते. उरलेल्या सात इंचांच्या चुण्या होतात. प्रत्येक चुणी म्हणजे कापडाचा दुहेरी थर, त्यावर नेफ्याची दुमड, त्यावर साडीचा पहिला वेढा आणि त्यावर निऱ्या. सात निऱ्या म्हटल्या तरी कापडाचे चौदा थर झाले. पोटावरचा उंचवटा हा असा तयार होतो. त्यातला पोटाचा भाग किती आणि कापडाचा किती, हे एकदा परकर काढून आरशात पाहिलं तर कळेल.

‘फ्री साइज’चं गुपितही यातच आहे. कारखानदाराला सीटचा हिशोब करायचा नसतो, म्हणून तो कंबर मोठी ठेवतो आणि सीटची उणीव नेफ्याच्या चुण्यांत लपवतो. ज्यांच्या कंबर-सीटमध्ये चार-पाच इंचांचाच फरक आहे त्यांना हा परकर चालून जातो. फरक आठ-नऊ इंचांवर गेला की चुणी तरी खुपते नाहीतर सीट तरी अडते, दोहोंतलं एक पदरात पडतंच.

ज्यांचं पोट सीटच्या बरोबरीने किंवा जास्त आहे, त्यांची अडचण नेमकी उलटी. त्यांनी सीटवरून माप घेतलं तर नाडी कशीबशी पुरते, आणि परकर पोटाच्या गोलाईवरून खाली घसरत राहतो, कारण त्याला धरायला खाली अंग रुंदावतच नाही. अशा बांध्याला कंबरेच्या, म्हणजे बसून घेतलेल्या मापाने परकर घ्यावा. पुढून सपाट पट्टी आणि मागच्या अर्ध्या भागात इलॅस्टिक असलेला नेफा त्यांना चांगला बसतो. पूर्ण इलॅस्टिकचा परकर हलक्या साडीला ठीक, पण भरजरी पैठणी किंवा कांजीवरमच्या निऱ्यांचं वजन आलं की इलॅस्टिक ताणतं, आणि तासाभराने परकराचा काठ साडीखालून डोकावू लागतो. अशा साडीला नाडीला पर्याय नाही.

शिवून घ्यायचा असेल तर टेलरला नेमकं काय सांगायचं? आपल्या उदाहरणातल्या बाईने सांगावं की नेफा ३५, सीट ६ इंचांवर ४४, खाली घेर ६०ते ६४, आणि कळीला सीटपर्यंत गोलाई हवी. गोलाई या शब्दावर अडून राहावं. कळीची बाजू सरळ न कापता सीटपर्यंत थोडी बाहेर फुगवत नेली की वर चुण्या राहत नाहीत आणि सीटही अडत नाही. गोलाई न देता, नुसत्या सरळ तिरप्या कापणीने ३५वरून सहा इंचांत ४४ गाठायचे तर खालचा घेर नव्वदीच्या पुढे जाईल. एवढा घेर साडीच्या आत गोळा होऊन पायांत घोळतो. सीटला अंगापेक्षा दोन इंच मोकळीक पुरते. त्याहून जास्त दिली तर कापड मागे लोंबतं. अगदी पातळ साडीसाठी दीड इंचही चालेल, पण मग मांडी घालून बसून पाहिल्याशिवाय परकर ताब्यात घेऊ नये.

कापड सुती असेल तर कापण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायला सांगावं. पॉपलीन पहिल्या एक-दोन धुण्यांत आटतं. उंचीतला इंचभर गेला तर साडी तो झाकते, पण नेमकं बेतलेली सीट आटली तर सगळी मेहनत फुकट. भिजवल्याने रंग सुटतो की नाही तेही आधीच कळतं. गडद लाल आणि काळ्या परकराने फिकट साडीचा काठ कायमचा बिघडवल्याचे प्रकार प्रत्येक घरात झालेले असतात.

खालच्या घेराचंही एक साधं गणित आहे. चालताना दोन पावलांत २२ इंचांचं अंतर पडत असेल तर परकराचं कापड पुढून २२ आणि मागून २२ असं ताणलं जातं. त्यात दोन्ही घोट्यांसाठी दहाएक इंच मिळवले की ५४ झाले. म्हणून ५६ते ६० घेरात बाई सहज चालते आणि ५०च्या आत आली की पावलं आखडतात. एसटीची पायरी चढताना तर याहून जास्त लागतो, तेव्हा आपण साडी चिमटीत धरून वर उचलतो ते यासाठीच. घेर कमी पडला की चालताना साडी दोन पायांच्या मध्ये ओढली जाते आणि निऱ्यांचा पंखा मिटतो.

उंचीचं माप चपला घालूनच घ्यावं. परकर साडीच्या काठापेक्षा अर्धा ते एक इंच वर राहावा, त्याहून वर नको, नाहीतर पातळ साडीत उजेडाची एक रेघ उमटते.

आता शेपवेअरकडे वळू. गेल्या काही वर्षांत दुकानांत आणि ऑनलाइन ‘साडी शेपवेअर’ नावाचा परकर आला आहे. नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि स्पॅन्डेक्सच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा, अंगाला चिकटून गुडघ्यापर्यंत येणारा आणि तिथून माशाच्या शेपटीसारखा पसरणारा. त्याचं गणित साध्या परकराच्या बरोबर उलट असतं. सुती परकर अंगापेक्षा मोठा हवा, शेपवेअर न ताणता मोजलं तर अंगापेक्षा लहानच असतं, आणि ताणूनच ते बसतं. म्हणून दुकानात हातात धरून ‘हे माझ्या अंगात कसं जाईल’ असा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. तक्त्यात दिलेलं माप अंगाचं आहे की कपड्याचं, हे आधी वाचायचं. चांगले विक्रेते अंगाचं माप देतात. काही जण न ताणलेल्या कपड्याचं देतात, आणि ते वाचून माणूस घाबरून दोन माप मोठं घेतो.

समजा एका तक्त्यात लार्जला कंबर ३२-३४, सीट ३८-४० आणि एक्स्ट्रा लार्जला कंबर ३४-३६, सीट ४०-४२ असं लिहिलंय. आपल्या ३३-४२च्या बाईची कंबर लार्जमध्ये आणि सीट एक्स्ट्रा लार्जमध्ये पडते. तिने एक्स्ट्रा लार्ज घ्यावं. सीटवर कापड जास्त ताणलं गेलं की ते पातळ होतं, आतल्या कपड्याच्या कडा उमटतात, आणि ताण सोडवण्यासाठी ते वरून खाली किंवा खालून वर सरकतं. कमरेला इंचभर सैल राहिलं तर मात्र ते आत घेता येतं, किंवा आत नाडी असलेलं शेपवेअर घेता येतं. ज्यांचं पोट मोठं आहे त्यांनी इथेही कमरेचं माप धरावं. दोन्ही मापं बरोबर सीमेवर असतील तर मोठंच घ्या. कपाटातले इतर कपडे कोणत्या मापाचे आहेत यावरून ठरवू नका. एका कंपनीचं लार्ज दुसऱ्या कंपनीचं मीडियम असू शकतं, इंच मात्र सगळीकडे तेवढाच असतो.

एक माप लहान घेतलं तर जास्त बारीक दिसू, हा भ्रम फार पसरलेला आहे. शेपवेअर अंग नाहीसं करत नाही, ते फक्त हलवतं. कमरेला घट्ट झालं की तिथलं मांस पट्टीच्या वर येतं, आणि साडीत ती जागा नेमकी उघडी असते. ब्लाउज आणि निऱ्या यांच्यामधली. म्हणजे पोट झाकायला घेतलेली वस्तू पाठीवर आणि बाजूला नवी वळी काढून दाखवते. वरची पट्टी स्वतःभोवती गुंडाळली जाऊन दोरीसारखी झाली, तर ती कमरेला लहान आहे किंवा तुमच्या पोटाच्या मानाने तिची उंची कमी आहे. अशी पट्टी वारंवार सरळ करत बसण्यापेक्षा माप बदलून घ्यावं.

घरी आलेलं शेपवेअर टॅग काढण्याआधी तीन गोष्टी करून तपासावं. साडीशिवाय, नुसतंच घालून खोलीभर नेहमीच्या पावलांनी चालायचं. स्टुलावर एक पाय ठेवून चढायचं. आणि जमिनीवर मांडी घालून बसायचं. तिसऱ्या परीक्षेत बहुतेक फिशकट नापास होतात, कारण गुडघ्यापाशी ते सर्वांत अरुंद असतात आणि मांडी घालताना नेमकी तिथेच रुंदी लागते. बाजूला गुडघ्याच्या वरपर्यंत चीर असेल तर चालणं सुधारतं, बसणं तरीही कठीणच. त्यामुळे लग्नाच्या स्वागत समारंभात तीन तास उभं राहायचं असेल, अंगावर शिफॉन असेल, तर शेपवेअरसारखा दुसरा परकर नाही. पण सत्यनारायणाला पाटावर बसायचं असेल, मंगळागौर खेळायची असेल, तर ते घालण्याच्या भानगडीत पडू नये. तिथे गोलाईचा सुती परकरच हवा.

कापडाचा स्वभावही पाहायला हवा. सुती परकराचं अंग थोडं खरखरीत असतं, साडी त्याला धरून राहते. गुळगुळीत शेपवेअरवर रेशमी साडी घसरते, म्हणून निऱ्यांना आतून एक मोठी पिन लागते. कोरड्या हवेत, विशेषतः हिवाळ्यात, नायलॉनवर जॉर्जेट चिकटतं आणि चालताना पायांना लपेटतं. माप बरोबर असूनही असं झालं तर तो दोष मापाचा नाही, विजेचा आहे. नेसण्याआधी शेपवेअरवरून किंचित ओलसर हात फिरवला की तो बराच कमी होतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट उन्हाळ्यात अडचण वेगळी. घाम आत साचतो, जांघेत गजकर्ण वाढायला ती उत्तम जागा. दिवसभर घालायची ही वस्तू नव्हे.

नाडीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण तिथे प्रश्न दिसण्यापुरता राहत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधलेल्या नाडीने कातडी काळवंडते, कधी पांढरी पडते, खाज सुटते, सोलते. बहुतेकींच्या कमरेवर ती पट्टी असतेच आणि त्या तिला साडीचाच भाग समजतात. २०२४मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क बायकांची हकिकत नोंदवली. दोघींच्याही कमरेच्या बाजूला, बांधायच्या जागीच, बरी न होणारी जखम होती आणि तपासणीत ती त्वचेच्या कर्करोगाची निघाली. त्यातली एक परकराची नाडी घट्ट बांधत असे, दुसरी परकराशिवाय लुगडंच कमरेला आवळत असे. असं क्वचितच होतं, घाबरून साडी सोडण्याचं कारण नाही. पण कमरेवरची जखम किंवा चट्टा काही आठवड्यांत बरा होत नसेल तर मलम लावत न बसता डॉक्टरांना दाखवावं, आणि तोवर तिथे काही बांधू नये.

दाब कमी करायचे उपाय मापातच आहेत. गोल दोरीऐवजी इंचभर रुंद चपटी नाडी घातली की तेवढाच ताण जास्त जागेवर पसरतो. परकराची सीट अडत नसेल तर तो वर चढत नाही, आणि वर चढत नसेल तर नाडी करकचून आवळावी लागत नाही. नाडी बांधल्यावर आत दोन बोटं सहज जायला हवीत. गाठ बाजूला घ्यावी, निऱ्यांखाली कधीच नको. रोज साडी नेसणाऱ्यांनी बांधायची जागा मधूनमधून बोटभर वरखाली करावी.

आता घरात पडलेल्या ‘फ्री साइज’ परकरांचं काय करायचं? फेकायचे तर नाहीत. तात्पुरता उपाय नेसतानाच करता येतो. नाडी बांधली की नेफ्यावरच्या चुण्या बोटांनी पुढून मागे सरकवायच्या, पोटावरचा वीतभर भाग सपाट करायचा आणि सगळा गोळा मागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना न्यायचा. तिथे बहुतेकींच्या अंगाला खळगा असतो आणि वरून साडीचे दोन वेढे येतात, त्यामुळे चुण्या दिसत नाहीत.

कायमचा उपाय तासाभराच्या शिवणकामाचा आहे. आपल्या उदाहरणातला कंबर ४०, सीटपाशी ४३चा परकर घ्या. नेफ्याची शिवण उसवून दुमड मोकळी करा. सहा कळ्यांच्या सहा शिवणी असतात, त्यातली एक नाडीच्या चिरेची, ती तशीच ठेवायची. उरलेल्या पाच शिवणींवर, परकर उलटा करून, वर एक इंच आत घ्यायचं. म्हणजे दुहेरी धरलेल्या कापडावर जुन्या शिवणीपासून अर्धा इंच आत खूण करायची. तिथून तिरपी रेघ सहा इंच खाली जुन्या शिवणीलाच नेऊन मिळवायची आणि त्या रेघेवर टीप मारायची. वर पाच इंच कमी झाले, नेफा ३५चा झाला, सीटचे ४३ मात्र जसेच्या तसे राहिले. रेघ सहा इंचांच्या खाली गेली तर सीट अडेल, आणि चार इंचांतच संपवली तर शिवणीच्या टोकाशी कापड टोकदार फुगेल, म्हणून आधी टाचण्या लावून अंगावर घालून बघा. पाचही टिपा मारून झाल्या की नेफा पुन्हा दुमडा आणि त्यात रुंद नाडी ओवा. मशीन नसेल तर गल्लीतला अल्टरेशनवाला हे काम करून देतो. फक्त त्याला ‘कंबर कमी करा’ एवढंच सांगू नका, नाहीतर तो चिरेच्या बाजूच्या एकाच शिवणीतून पाचही इंच काढेल आणि परकर एका अंगाला ओढला जाईल. पाच शिवणी, प्रत्येकीत एक इंच, सहा इंचांवर शून्य, हे कागदावर लिहून परकराला टाचून द्या.